पळी, पाली आणि ओसरी

माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टिकरांचा एक गठ्ठा आहे. मूळ पाचशे होते, आता साडेचारशेच्या आसपास असतील. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं, वर देवनागरीत ‘पळी’ आणि खाली रोमनमध्ये PALI. पाठकोऱ्या बाजूवर मी वाण्याची यादी लिहिते. गठ्ठा संपायला अजून काही वर्षं जातील आणि मला त्याची घाई नाही.

2018 च्या दिवाळीआधीची गोष्ट. गोडा मसाला, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी घरातून विकायची असं मी ठरवलं होतं. नाव आधीच मनात होतं. आजी मेतकुटात तूप सोडायची ती पितळेची लांब दांड्याची पळी माझ्याकडे आहे, म्हणून ‘पळी’. छोटं, घरगुती, तोंडात बसणारं नाव. मी कुणाला विचारलंही नाही. छपाईवाल्यानं ‘इंग्लिशमध्ये काय टाकू’ असं विचारलं तेव्हा उभ्या उभ्या चार अक्षरं सांगितली आणि निघाले.

पहिली वीस पाकिटं सोसायटीत गेली. तिसऱ्या मजल्यावरची एक दहा वर्षांची मुलगी पाकीट हातात घेऊन आईला म्हणाली, “आई, हा पालींचा मसाला आहे?” मुलगी अस्सल मराठी घरातली, पण शाळा इंग्रजी. तिची नजर आधी रोमनवर गेली. जे लिहिलं होतं तेच तिनं वाचलं, चूक तिची नव्हतीच. तिची आई हसत मला हे सांगायला आली आणि मी हसत ऐकून घेतलं. दार लावल्यावर मात्र मला तो मसाला स्वतःलाच खाववेना.

दुसऱ्या दिवशी एक स्टिकर पर्समध्ये घालून मी काकांकडे गेले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. अप्पा बळवंत चौकामागच्या एका गल्लीत, वाड्याच्या तळमजल्यावर त्यांची पाट्या रंगवायची खोली होती. पत्र्यावर एनॅमल रंगानं अक्षरं काढण्यात त्यांची उभी हयात गेली. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्यांचं काम आटलं. उरली ती घरांवरची नावं, एखाद्या मंगल कार्यालयाचा फलक, गाड्यांचे नंबर. तरी खोली ते रोज उघडत. वय पंचाहत्तरीचं, हात स्थिर, आणि पुणेरी जिभेला धार होतीच.

स्टिकर त्यांनी उजेडात धरला. “अक्षर बरं काढलंय. पण रोमनमध्ये ळ नसतो, हे तुला कुणी शाळेत सांगितलं नाही का गं?”

मी म्हटलं, “काका, मग चितळ्यांचं कसं चालतं?”

“चितळ्यांचं नाव लोकांनी मिठाई खाऊन पाठ केलंय. तुझं अजून कुणी खाल्लेलं नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि तिथंही परगावचा माणूस चिताले म्हणतोच की. पण चिताले म्हटल्यानं काही बिघडत नाही. चितालेचा दुसरा काही अर्थच नाही. तुझ्या नावाचा आहे.”

त्या दिवशी मला हा नुसता टोमणा वाटला. पुढचे दोन महिने आम्ही जे केलं ते सगळं या एका वाक्याभोवती फिरलं, हे कळायला वेळ लागला.

त्याच संध्याकाळी ते मला लक्ष्मी रस्त्यावर घेऊन गेले. “चल, पाट्या वाचू,” म्हणाले. रस्त्याच्या नावापासूनच सुरुवात. देवनागरीत ‘लक्ष्मी’, रोमनमध्ये कुठे Laxmi तर कुठे Lakshmi. काकांना पहिलं पसंत होतं. उच्चाराच्या हिशेबानं दुसरं जास्त बरोबर, हे त्यांना मान्य होतं. पण पाटीवर ‘क्ष्म’ हे एक गच्च जोडाक्षर, आणि त्याच्यासमोर kshm अशी चार व्यंजनं ओळीनं उभी केली की परक्या माणसाची जीभ तिथं अडखळते. x मध्ये नेमका ‘क्ष’ नाही, पण माणूस न थांबता पुढे जातो आणि लक्ष्मीपाशीच पोचतो.

पुढे वडे आले. जोशी वडेवाले रोमनमध्ये Wadewale लिहितात. “आता शनिवारवाडा कसा लिहितात सांग.” मी मनात लिहून पाहिलं, तिथंही wada. बटाट्याचा वडा आणि पेशव्यांचा वाडा रोमनमध्ये सख्खे भाऊ. कारण त्या लिपीत ‘अ’ आणि ‘आ’ या दोघांना मिळून एकच a. “निम्मे घोटाळे या एका a चे,” काका म्हणाले. “उरलेले निम्मे t, d, n आणि l चे. त आणि ट एकाच t मध्ये कोंबायचे, द आणि ड एकाच d मध्ये, न आणि ण एकाच n मध्ये, ल आणि ळ एकाच l मध्ये. विद्वान लोक ळ साठी l खाली टिंब देतात. पुस्तकात ते शोभतं. पण फोनवर ते टिंब कोण दाबणार, आणि पत्ता सांगताना ‘एलच्या खाली टिंब’ असं कोण सांगणार?”

शहराचं नावही यातून सुटलेलं नाही, हे त्यांनीच दाखवलं. इंग्रजांनी Poona लिहिलं. त्यात आपला ‘णे’ हरवला, पण वाचणारा निदान ‘पूना’ तरी म्हणत होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी कागदांवर Pune आलं. हे आपल्या उच्चाराशी जास्त इमानी, पण शेवटच्या e चा उच्चार करायचा असतो हे ज्याला माहीत नाही तो साहेब ‘प्यून’ म्हणतो. जुनी हॉस्पिटलं आणि क्लब अजून Poona धरून आहेत. “दोन्ही स्पेलिंगं चुकतात,” काका म्हणाले, “फक्त वेगवेगळ्या माणसांपुढे चुकतात.”

उलट दिशेचा प्रवासही त्यांनी ऐकवला. विको हे नाव आधी रोमनमध्ये जन्मलं. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, 1952 सालची. आद्याक्षरांपुढे ‘कंपनी’चं Co जोडलं म्हणून Vicco मध्ये दोन c आले. देवनागरीत ते दोन ‘क’ कुणी लिहिले नाहीत. ‘विक्को’ वाचायला जड झालं असतं. म्हणजे दोन्ही लिप्यांत अक्षराला अक्षर जुळलंच पाहिजे असं काही नाही. दोन्हीकडून वाचणाऱ्याच्या तोंडात एकच नाव पडलं म्हणजे झालं.

आणि ज्या नावाला काही करावंच लागलं नाही असं उदाहरणही पुण्यातलंच, सुहाना मसाला. स आणि ह ही व्यंजनं रोमनमध्ये एकेकच अर्थाची, आणि इथल्या n चा कुणी ‘ण’ करत नाही. दोन्ही a चा उच्चार ‘आ’च. कुठेही, कुणीही, कसंही वाचलं तरी सुहानाच. मी म्हटलं, “मग असंच एक शोधू.” काका म्हणाले, “शोध. पण हिंदी नको. आजीच्या पळीतून आलेलं हवंय ना तुला?”

मग वही झाली. शंभर पानी, रेघांची. डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर त्याच शब्दाची रोमनमध्ये होतील तेवढी सगळी स्पेलिंगं. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्या खोलीत जायची, ते स्टोव्हवर चहा ठेवायचे, आणि एकेका शब्दाची चिरफाड व्हायची.

माझं लाडकं होतं ‘परात’. लिहिलं Parat. काकांनी ते मोठ्यानं वाचलं, “परत.” पाकिटावर ‘परत’ असं लिहून माल पाठवायचा? मी दोन a घालून Paraat केलं. ते म्हणाले, “दोन a बघितले की माणूस थांबतो. छापखान्याची चूक आहे का, असं त्याला वाटतं. आणि तू फोनवर ‘डबल ए’ किती जणांना सांगणार?” खोडलं.

मग ‘वैल’. चुलीचा तो मागचा, मंद आचेचा भाग, जिथे आमटी उकळत ठेवायची. शब्द किती सुंदर! Vail लिहिलं तर इंग्रजी वाचणारा त्याचा ‘व्हेल’ करतो. Wail लिहिलं तर इंग्रजीत तो आक्रोश होतो. गोड्या मसाल्याच्या पाकिटावर आक्रोश नको. खोडलं.

‘वाटण’ Watan लिहिताच ‘वतन’ झालं. ‘जिव्हाळा’ मध्ये ‘व्ह’ आणि ‘ळ’ दोघंही. Jivhala वाचताना एका गुजराती बाईंनी ‘जीव हाला’ असं तोडलं आणि विचारलं, “किसका जीव हिला?” ‘झारा’ मला फार आवडला होता. पण ‘झ’ साठी z घेतला की Zara, आणि त्या नावाचं कपड्यांचं दुकान जगभर पसरलेलं. धंदा वेगळा असला तरी इतक्या नावाजलेल्या चिन्हाशी जुळणारं नाव नोंदवायला गेलं की त्याचा मालक हरकत घेऊ शकतो. jh घेतला तर Jhara, आणि तो मराठी माणसालाच ओळखू येईना. खोडलं.

इथं काकांनी मला तीन परीक्षा शिकवल्या. त्यांना त्यांनी परीक्षा असं काही नाव दिलं नव्हतं, ते आपले ‘करून बघ’ म्हणायचे.

पहिली, चिठ्ठीची. फक्त रोमन स्पेलिंग कागदावर लिहायचं आणि मराठी न येणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावायचं. आपण आधी नाव उच्चारायचं नाही. बँकेतला कारकून, कुरिअरचा पोऱ्या, कॉलेजात शिकायला आलेली परप्रांतीय मुलं. जे ऐकू येईल ते देवनागरीत जसंच्या तसं टिपायचं.

दुसरी, फोनची. याच्या बरोबर उलट. नाव एकदाच, नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं फोनवर सांगायचं आणि पलीकडच्याला रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगायचं. शोधताना गिऱ्हाईक जे टाईप करणार ते यातून कळतं.

तिसरी, डोळ्यांची. दोन्ही लिप्यांतलं नाव एकाखाली एक काढून भिंतीला लावायचं आणि रस्त्याच्या पलीकडून बघायचं. कुठलं एक दुसऱ्याला खाऊन टाकतं का ते पाहायचं.

‘ओसरी’ हा शब्द वहीच्या एकविसाव्या पानावर आला. तो मी सुचवला नव्हता. बोलता बोलता मी म्हटलं होतं की आजी भाजणीचं धान्य धुऊन ओसरीवर पंचावर वाळत घालायची आणि आम्हा मुलांना चिमण्या हाकायला बसवायची. काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. “लिही.”

लिहिलं. ओ, स, री. व्यंजनं दोनच, स आणि र, आणि दोन्हींना रोमनमध्ये दुसरा वाटेकरी नाही. प्रश्न एकच उरला, मधल्या ‘स’ मधल्या ‘अ’ चा. आपण लिहितो ओसरी, पण बोलतो ‘ओस्री’. तीन अक्षरी शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आला की मधला ‘अ’ मराठी जीभ गिळून टाकते. मग रोमनमध्ये लिहिल्याप्रमाणे Osari करायचं की बोलल्याप्रमाणे Osri?

मी Osri च्या बाजूची. चार अक्षरं, सुटसुटीत, आणि उच्चार अगदी आपला. चिठ्ठी घेऊन फिरले. दोन्ही स्पेलिंगं दहा-दहा जणांना दाखवली. Osri वाचताना काहींनी ‘ओस्री’ म्हटलं, पण काही जण s आणि r च्या मध्ये अडकले, आणि दोघांनी ‘ऑसरी’ करून त्याला इंग्रजी नाव ठरवून टाकलं. Osari सगळ्यांनी न अडखळता वाचलं. पण बरोबर मोजक्यांनीच वाचलं, बहुतेक सगळे ‘ओसारी’ म्हणाले. फोनच्या परीक्षेत मराठी माणसांची जवळजवळ निम्मी-निम्मी वाटणी झाली. परप्रांतीयांनी मात्र a घातलाच.

मी वही काकांसमोर आपटली. “दोन्ही चुकतायत.”

“चुकणारच,” ते शांतपणे म्हणाले. “दोन लिप्या आवाज वेगवेगळ्या जागी कापतात. न चुकणारं स्पेलिंग शोधत बसलीस तर दिवाळी काय, पुढचा पाडवाही जाईल. चूक कुठे नेऊन सोडते तेवढं बघ. पळी चुकली तर पाल. परात चुकली तर परत. वैल चुकली तर रडणं. ओसरी चुकली तर काय?”

“ओसारी.”

“म्हणजे?”

मी विचार केला. ओसारी असा शब्द मी तरी रोजच्या बोलण्यात ऐकला नव्हता. पण ओसारा होता. घराच्या पुढच्या बाजूची छपरी, ओसरीचाच भाऊबंद. म्हणजे वाचणारा वाट चुकला तरी आमच्याच घराच्या पुढच्या दारात येऊन उभा राहात होता.

“मग येऊ दे की त्याला,” काका म्हणाले, आणि Osari खाली दोन रेघा ओढल्या.

डोळ्यांच्या परीक्षेसाठी त्यांनी सहा फूट बाय दोन फुटाचा पत्रा घेतला. तेव्हा माझं दुकान नव्हतं. सदाशिव पेठेतल्या एका जिन्याखालची अरुंद जागा भाड्यानं मिळायची होती. पण पाटी आधी करू म्हणाले. सुतळीला खडूची पूड लावून दोन टोकं ताणली, मधे चिमटीत धरून सोडली, आणि पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटली. हीच शिरोरेषा.

पहिल्या खेपेला त्यांनी खाली खडूनं Osari काढलं, पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान लिपीतली. रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं तर रोमन बिचारं वाटत होतं. देवनागरीत सगळी अक्षरं एकाच रेषेला लोंबतात आणि साधारण एकाच उंचीची असतात. रोमनच्या लहान अक्षरांत मात्र O उंच, आणि पुढची s, a, r बुटकी. काकांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि सगळी मोठी अक्षरं काढली, OSARI. आता वरची कड सरळ झाली, जणू न काढलेली शिरोरेषा. शेवटच्या i वरचं टिंबही गेलं, ते वरच्या ओळीशी उगाच लगट करत होतं.

मग उंची. दोन्हीकडे सात इंच धरली. पट्टीनं मोजलं तर सारखी, पण डोळ्याला रोमन मोठं. इंग्रजी मोठी अक्षरं सगळी सात इंच भरून उभी राहतात, तर ‘स’ आणि ‘र’ च्या पोटात मोकळी जागा फार. म्हणून रोमन सहा इंचांवर आणलं, देवनागरी सातच ठेवली. शिवाय ‘ओ’ ची मात्रा आणि ‘री’ ची वेलांटी यांना शिरोरेषेच्या वर तीन इंच लागले. “फ्लेक्सवाले दोन्ही ओळींना सारखी पट्टी देतात आणि मग मात्रा चेपतात,” काका म्हणाले. त्यांचा हिशेब असा होता: वर-खाली अडीच-अडीच इंच मोकळे, देवनागरीला दहा, मधे तीन, रोमनला सहा. चोवीस भरले. ओसरीत उकार नाही आणि OSARI मध्ये वर डोकावणारं अक्षर नाही, म्हणून मधल्या तीन इंचांत कुणाचे पाय कुणाच्या डोक्यावर आले नाहीत.

रेघांची जाडी त्यांनी एकसारखी ठेवली. बोरूनं काढलेल्या देवनागरीत आडवी रेघ जाड येते. इंग्रजी टाकाच्या वळणात उभी रेघ जाड आणि आडवी बारीक. दोघांना आपापली सवय दाखवू दिली तर एकाच पाटीवर दोन हातांनी लिहिल्यासारखं दिसतं. त्यांनी ‘र’ चा दंड आणि R चा खांब एकाच ब्रशनं, एकाच दाबानं ओढला.

पाटीखालच्या वेगळ्या पट्टीवर ‘मसाले व पिठं’ लिहायचं होतं. ती ओळ मी संगणकावर करून नेली होती. काकांनी ‘मसाले’ मधल्या ‘ल’ वर बोट ठेवलं. “हा दंडाचा ल हिंदीकडचा. आपला पाकळीचा.” मी इतकी वर्षं मराठी वाचत होते आणि मला तो फरक दिसलाच नव्हता. ती ओळ त्यांनी हातानं काढली.

नाव नोंदवायला गेले तेव्हा सल्लागारानं सांगितलं की देवनागरी आणि रोमन असे दोन वेगळे अर्ज करणं जास्त सुरक्षित. मसाले आणि पिठं तिसाव्या वर्गात येतात. माझ्यासारखीनं एकटीनं ऑनलाईन अर्ज केला तर एका वर्गाला साडेचार हजार, म्हणजे दोन अर्जांचे नऊ हजार. मी कां-कूं केलं. काका म्हणाले, “पाचशे स्टिकर फुकट गेले तेव्हा विचारलं होतंस का?” त्या सल्लागारानंच मला अमृतधारा आणि लक्ष्मणधारा यांचा 1962 चा सर्वोच्च न्यायालयातला निकाल सांगितला. लिहिलेली अक्षरं वेगळी असली, तरी साधारण गिऱ्हाईक नाव अर्धवट लक्षात ठेवतं आणि कानानं ओळखतं, म्हणून दोन्ही नावं फसवी सारखी ठरली. घरी येताना मला वाटलं, काकांची फोनची परीक्षा तरी याहून वेगळी काय होती?

पाटीचे पैसे काकांनी घेतले नाहीत. रंगाचे आणि पत्र्याचे घेतले, हाताचे नाही. “मेतकुटाचा डबा दे महिन्याला,” म्हणाले. तो डबा मी नेमानं देत राहिले, आणि जाताना दर वेळी वही घेऊन जायची. इतरांचीही नावं यायला लागली होती. कुणाची मैत्रीण पिशव्या शिवायची, कुणाचा भाचा कॉफी काढायचा. काका त्यांच्याही शब्दांची चिरफाड करायचे, पैसे न घेता. त्या वहीचा अर्धा भाग माझा नाहीच.

2021 च्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच, शांतपणे.

2022 मध्ये राज्यानं दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली. लहानातल्या लहान दुकानाचीही पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्या रस्त्यावर धावपळ उडाली. शेजारच्या दुकानात इंग्रजी नाव वर्षानुवर्षं होतं. त्याचं देवनागरी करायला बसल्यावर घरातल्याच तिघांनी तीन तऱ्हेनं लिहिलं, आणि शेवटी कोपऱ्यात चिकटवल्यासारखी एक मराठी ओळ आली. माझ्या जिन्याखालच्या पाटीला कुणी हातही लावला नाही. सात इंच आणि सहा इंच. काकांनी तो हिशेब कायद्यासाठी केला नव्हता, रस्त्यापलीकडे उभं राहून केला होता.

गिऱ्हाईकांत परगावची मुलं बरीच. फोनवर पैसे पाठवताना पडद्यावर OSARI येतं आणि ती विचारतात, “ओसारी, ना?” सुरुवातीला मी दुरुस्त करायची. आता ‘हो’ म्हणते.

गेल्या वर्षी वाडा पाडायला काढला. काकांच्या मुलानं मला बोलावून त्यांची रंगांची लाकडी पेटी दिली, “बाबांनी सांगून ठेवलं होतं,” म्हणाला. आत वाळलेले ब्रश, खडूची पूड, गुंडाळलेली सुतळी. झाकणाच्या आतल्या बाजूला माझा एक हिरवा स्टिकर चिकटवलेला होता. पहिल्या दिवशी मी पर्समधून काढून दिलेला, तोच असणार. पळी आणि खाली PALI. नीट पाहिलं तेव्हा दिसलं, L च्या खाली पांढऱ्या एनॅमलचं एक टिंब होतं. अगदी बारीक, एकाच दाबात टेकवलेलं, आणि अजूनही चकचकीत.